प्रमुख पाहुण्यांच्या स्वागताचं दोन मिनिटांचं भाषण: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

डिसेंबर उजाडला की मुंबईतल्या शाळांमध्ये गॅदरिंगचं वारं सुरू होतं. नाचात कोण, नाटकात कोण हे ठरतं, आणि मग कधीतरी मधल्या सुट्टीत बाई तुला गाठून म्हणतात, "पाहुण्यांच्या स्वागताचं तू बोल. दोनच मिनिटं." कधी, कशाबद्दल, कोणाच्या आधी, यातलं काहीच त्या सांगत नाहीत, कारण त्यांना अजून पंचवीस कामं असतात. मग घरी जाऊन तू इंटरनेटवर शोधतेस किंवा शोधतोस आणि एक भाषण सापडतं, जे आधीच अर्ध्या मुंबईनं वापरलेलं असतं.

मी शाळेत असताना हे काम केलं आहे आणि आता माजी विद्यार्थिनी म्हणून दरवर्षी मुलांच्या तालमी घ्यायला जाते. त्यावरून सांगते. स्वागताच्या भाषणाचं काम एकच असतं: आलेला माणूस आणि हे सभागृह यांच्यात असलेला एखादा खरा धागा सगळ्यांना दाखवून देणं. बाकीचं काम इतरांकडे असतं आणि ते त्यांनाच करू द्यायचं.

आधी लागणारं सामान गोळा कर: निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमाचा क्रम लिहिलेला कागद, पाहुण्यांचा शाळेकडे आलेला परिचय, पोस्टकार्डाएवढी जाड कागदाची तीन-चार कार्डं, काळं पेन आणि आवाज रेकॉर्ड होईल असा घरातला कोणाचाही फोन.

1. तुझ्या आधी कोण आणि तुझ्यानंतर कोण, ते विचारून घे

आपल्याकडच्या गॅदरिंगचा साधारण क्रम असा: पाहुण्यांचं आगमन, दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मुख्याध्यापकांचा अहवाल, बक्षीस वितरण, पाहुण्यांचं मनोगत, अध्यक्षांचं भाषण, आभार आणि मग एकदाचे नाच. शाळेगणिक मागेपुढे होतं, पण कामं हीच.

यात गोंधळ होतो तो स्वागत, परिचय आणि प्रास्ताविक या तिघांचा. पाहुणे कुठे शिकले, कुठे नोकरी केली, कोणते पुरस्कार मिळाले, हा परिचय. तो बहुतेक वेळा एखादे सर किंवा बाई वाचतात. आजचा कार्यक्रम कशासाठी, शाळेनं वर्षभरात काय केलं, हे प्रास्ताविकात येतं. तू यादी वाचलीस की पाच मिनिटांनी सर तीच यादी पुन्हा वाचतात. समोरच्या पालकांना ते लगेच कळतं, आणि सरांना तर माईकसमोर उभं राहूनच कळतं.

म्हणून परिचय करून देणाऱ्या सरांना गाठून सरळ विचार: "सर, तुम्ही काय सांगणार आहात?" शक्य असेल तर त्यांचा कागद वाचून घे. त्यात नसलेली एक गोष्ट तुला हवी आहे.

काही शाळांत परिचय वेगळा नसतोच, स्वागतातच उरकायचा असतो. तसं असेल तर आधी कळायला हवं, कारण मग तुझं भाषण दोनाचं तीन मिनिटांचं होतं आणि पाहुण्यांच्या कामाबद्दल चार वाक्यं त्यात घालावी लागतात. त्याहून जास्त नकोत.

2. नाव आणि पद पक्कं कर

हे दहा मिनिटांचं काम आहे, पण इथे चुकलं की पुढचं सगळं छान असूनही लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं.

नाव निमंत्रणपत्रिकेवर आहे तसंच घे, पण पत्रिकेवरही मुद्रणाच्या चुका असतात, म्हणून पाहुण्यांशी बोललेल्या बाईंकडून एकदा खात्री करून घे. आडनाव मराठी नसेल तर उच्चार विचार. मुंबईत पाहुणे गुजराती, दाक्षिणात्य, गोव्याकडचे, कोणीही असू शकतात आणि त्यांचं आडनाव आपण वाचतो तसंच बोललं जातं असं नाही. विचारण्यात काही कमीपणा नाही.

पदाच्या बाबतीत तीन शब्द बघ: कार्यरत, निवृत्त, माजी. नगरसेवक की माजी नगरसेवक, प्राध्यापक की निवृत्त प्राध्यापक, यात फरक आहे. 'डॉ.' असेल तर त्याच्या आधी 'श्री.' लावू नकोस. आणि बाईंच्या नावाआधी 'सौ.' लावायचं की 'श्रीमती', याचा घोळ टाळायचा असेल तर दोन्ही सोडून 'माननीय' म्हण. पुढे बोलताना 'मॅडम' किंवा 'ताई', शाळेत जे चालतं ते.

पाहुणे राजकारणातले असतील तर पक्षाचं नाव, निवडणूक, वॉर्डातली कामं यातलं काहीही तुझ्या तोंडी नको. कोणी तसं लिहून दिलं तर ते बाईंना दाखव, स्वतः वाद घालू नकोस.

3. एक धागा शोध

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. लिहायला एक संध्याकाळ पुरते, शोधायला तीन-चार दिवस लागतात.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समज, करी रोडच्या बाजूला रेल्वेला लागून एक मराठी माध्यमाची शाळा आहे. तू आठवीत आहेस. यंदाचे प्रमुख पाहुणे म्हणजे याच शाळेचे माजी विद्यार्थी, मध्य रेल्वेतून मोटरमन म्हणून निवृत्त झालेले. नाव आपण श्री. अ. ब. क. धरू.

शाळेकडे आलेल्या परिचयात काय असतं? जन्म, शिक्षण, रेल्वेत लागले ते वर्ष, निवृत्तीचं वर्ष, मिळालेलं एखादं प्रशस्तिपत्र, आवड: वाचन. यातून स्वागताचं भाषण होत नाही. हे सगळं सर वाचणार आहेत.

तुला तीन ठिकाणी जायचं आहे. पहिलं, शाळेतले जुने लोक. कार्यालयातले क्लार्क, शिपाईकाका, निवृत्तीला आलेले एखादे सर. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद असते. क्लार्ककाकांना विचारलं तर पाहुणे कोणत्या वर्षी दाखल झाले ते सांगतात. तेवढंच घे. त्यांचे गुण, वडिलांचा व्यवसाय, घरचा पत्ता यातलं काही घ्यायचं नाही आणि स्टेजवरून तर सांगायचंच नाही, कौतुकानंसुद्धा नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे तुझे स्वतःचे डोळे. या शाळेत रोज असं काय घडतं, ज्याचा पाहुण्यांच्या कामाशी संबंध आहे? आपल्या उदाहरणातल्या शाळेत उत्तर खिडकीबाहेरच आहे. फास्ट लोकल धडधडत गेली की बाईंचा आवाज ऐकू येत नाही, त्या थांबतात, गाडी गेली की पुढे बोलतात. वर्गातल्या प्रत्येकाला हे माहीत आहे, म्हणून कोणी कधी बोलत नाही.

तिसरं ठिकाण, खुद्द पाहुणे. मुलांना वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाला आपण कसं विचारायचं? बाईंच्या परवानगीनं, त्यांच्या फोनवरून, त्यांच्यासमोर बसून दोन प्रश्न विचारता येतात आणि पाहुण्यांना बहुतेक वेळा ते आवडतं. प्रश्न मात्र नेमका हवा. "शाळेबद्दल काय सांगाल?" असं विचारलंस तर उत्तर येतं, "शाळेनं मला घडवलं." ते खरं असतं, पण तुझ्या उपयोगाचं नसतं. त्याऐवजी विचार: "गाडी चालवताना शाळा दिसायची का?"

आता मोटरमनचं काम कसं असतं ते बघ. तो पुढच्या केबिनमध्ये एकटा असतो, मागच्या टोकाच्या केबिनमध्ये गार्ड. गार्डची घंटा आल्याशिवाय गाडी फलाटावरून सुटत नाही आणि सुटल्यावर मोटरमनची नजर पुढच्या सिग्नलवर आणि रुळांवर. त्यामुळे उत्तर असं येऊ शकतं: "शाळा बाजूनं जायची, पण बघायला कुठे मिळायचं? नजर सिग्नलवर."

हे वाक्य मिळालं की शोध थांबव. तुझं भाषण सापडलं.

एक मात्र तपासून घे. आमचे तास ज्या गाड्यांनी थांबायचे त्या यांनी चालवल्या, असं म्हणायचं असेल तर दोन गोष्टी जुळायला हव्यात. पाहुणे मध्य रेल्वेवरच होते ना? शाळा मध्य रेल्वेच्या रुळांजवळ आणि पाहुणे आयुष्यभर चर्चगेट–विरार मार्गावर, असं असेल तर सगळंच कोसळतं. आणि ते निवृत्त कधी झाले? तू पाचवीत या शाळेत आलीस, आता आठवीत आहेस; ते गेल्या वर्षी निवृत्त झाले असतील तर गणित जुळतं. दहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले असतील तर 'आमचे तास' म्हणता येणार नाही, 'आमच्या आधीच्या मुलांचे तास' म्हणावं लागेल. सभागृहात पाहुण्यांच्या घरचे लोक बसलेले असतात, त्यांना हे हिशेब तोंडपाठ असतात.

तुझे पाहुणे मोटरमन नसतील. डॉक्टर असतील, बँकेत असतील, अग्निशमन दलात असतील. शाळेचे माजी विद्यार्थीही नसतील. तरी विचारायचं हेच: यांचं काम आणि आमची शाळा कुठे एकमेकांना भेटतात? बेस्टच्या आगारातले अधिकारी असतील तर शाळेसमोरच्या थांब्यावर कोणती बस येते आणि ती किती मुलांना आणते, इथून सुरू करता येईल. धागा लहान असला तरी चालतो.

4. लिही, आणि मग खोड

मंचावर, माईकवर, सगळ्यांना कळेल अशा वेगात शाळेतलं मूल मिनिटाला साधारण नव्वद ते शंभर शब्द बोलतं. म्हणजे दोन मिनिटांत फार तर 200. पण टाळ्या, हशा, श्वास यांनाही वेळ लागतो, म्हणून कागदावर 130-150 शब्दच ठेव.

आधी नको असलेला मसुदा बघू. असा मसुदा दरवर्षी माझ्या हातात येतो:

"सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान असलेले सर्व थोर मान्यवर आणि येथे जमलेल्या माझ्या रसिक बंधू-भगिनींनो, आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवण्यासारखा आहे. अतिथी देवो भव ही आपली संस्कृती. आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ काढून प्रमुख पाहुणे येथे उपस्थित राहिले, हे आमचे अहोभाग्य. त्यांच्याविषयी बोलणे म्हणजे सूर्याला दिवा दाखवण्यासारखे आहे. त्यांनी आपल्या जीवनाची गाडी सचोटीच्या रुळांवरून चालवली…"

यातला पाहुणा काढून दुसरा कोणीही ठेवला तरी काही बिघडत नाही. शेवटचं वाक्य तेवढं मोटरमनसाठी लिहिलं आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात वाईट. निवृत्त माणसाला त्याच्या निरोप समारंभात रुळ, सिग्नल आणि जीवनाची गाडी यावरची वाक्यं भरपूर ऐकवलेली असतात. 'व्यस्त कार्यक्रमातून वेळात वेळ' हेही निवृत्त माणसाला लागू पडत नाही. आणि त्यांच्याविषयी बोलणं अवघड आहे असं सांगण्यात एक वाक्य खर्च करून प्रत्यक्षात बोलायचं राहूनच गेलं.

आता हा मसुदा वाच:

"आदरणीय अध्यक्ष, आजचे प्रमुख पाहुणे माननीय श्री. अ. ब. क., व्यासपीठावरील सर्व मान्यवर, माझे शिक्षक, पालक आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

आमच्या शाळेला लागूनच रेल्वेलाइन आहे. फास्ट लोकल जाते तेव्हा बाई वाक्याच्या मध्येच थांबतात. गाडी गेली की तेच वाक्य पुढे सुरू होतं. पाचवीपासून आम्हाला याची सवय झाली आहे. पण ती गाडी कोण चालवत असेल, हा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता.

सर, आपण याच शाळेत शिकलात आणि पुढे मध्य रेल्वेत मोटरमन झालात. गेल्या वर्षी आपण निवृत्त झालात. म्हणजे आमचे तास थांबवणाऱ्या काही गाड्या आपणच चालवत होतात!

आपण आम्हाला सांगितलंत, की इथून जाताना नजर कायम सिग्नलवर असायची. रोज शाळेवरून जाऊनही शाळेकडे बघायला कधी मिळालं नाही.

सर, आज मात्र शाळा निवांत बघा. जिना तोच आहे. घंटा तीच आहे. बाकं नवीन आहेत, आणि त्या बाकांवरची मुलंही.

आम्हा सर्व विद्यार्थ्यांच्या वतीनं मी आपलं मनापासून स्वागत करते."

यात काय केलं आहे ते सांगते. संबोधनात सहाच घटक आहेत. अध्यक्ष वेगळे असतील तर त्यांचा मान आधी, मग प्रमुख पाहुणे. संस्थेचे बाकीचे पदाधिकारी 'व्यासपीठावरील सर्व मान्यवर' यात येतात. एका विश्वस्तांचं नाव घेतलंस की सगळ्यांचं घ्यावं लागतं आणि एक राहतंच. शाळेचा आग्रह असेल तर नावांची यादी बाईंकडून लिहून घे, क्रमासकट.

दुसऱ्या परिच्छेदात पाहुण्यांचा उल्लेखच नाही, हे मुद्दाम. सभागृहातली सगळी मुलं तिथे मान डोलावतात, कारण ती त्यांचीच गोष्ट आहे. पाहुणे त्यात कुठे बसतात, हे त्यांना पुढच्या परिच्छेदात कळतं आणि 'आपणच चालवत होतात' या वाक्यावर हसू येतं. तिथे थांब, हसू ओसरू दे.

'घंटा तीच आहे' हे वाक्य लिहिण्याआधी शिपाईकाकांना विचारायचं, घंटा खरंच जुनी आहे का. इलेक्ट्रिक बेल बसवली असेल तर वाक्य गेलं. जिन्याचंही तेच. इमारतीची दुरुस्ती मुंबईत कुठे ना कुठे चालूच असते.

आणि 'आपण'चं पथ्य पाळ. पाहुण्यांना 'आपण' म्हणायला सुरुवात केलीस तर शेवटपर्यंत 'आपण', मध्येच 'तुम्ही' नको. 'आपण सगळे' या अर्थानं तोच शब्द आला की कोण कोणाला म्हणतंय ते कळेनासं होतं, म्हणून आपल्या बाजूसाठी 'आम्ही' वापर.

शेवटी सत्काराची घोषणा करू नकोस. "आता मी मुख्याध्यापकांना विनंती करते की त्यांनी शाल, श्रीफळ…" हे सूत्रसंचालकाचं काम. पुष्पगुच्छ अजून विंगेत आलेलाच नसतो, किंवा शाल दुसऱ्याच ट्रेमध्ये असते, आणि तुझ्या घोषणेनंतर सगळे एकमेकांकडे बघत बसतात. आभारही मानायचे नाहीत, त्यासाठी शेवटी वेगळा माणूस आहे.

5. कार्डं कर

फोनवरून वाचू नकोस. स्क्रीन मध्येच विझते, मेसेज येतो, आणि खालून चेहऱ्यावर उजेड पडून फोटोही वाईट येतात. ए-फोर कागद हातात थरथरतो आणि मैदानावर वाऱ्यानं उडतो. जाड कार्डं घे, एका बाजूलाच मोठ्या अक्षरात लिही, कोपऱ्यात आकडे टाक. कार्ड संपताना वाक्यही संपलं पाहिजे. पाहुण्यांचं पूर्ण नाव आणि पद पहिल्या कार्डावर अगदी वर, ठळक. ते कितीही पाठ असलं तरी.

पाठ करायचं ते पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि हसू येणारं वाक्य. ही तीन समोर बघून म्हणायची. बाकीचं कार्डाकडे अधूनमधून बघून चालतं.

6. तालीम उभं राहून, पूर्ण आवाजात

मनातल्या मनात म्हटलेलं भाषण नेहमी मिनिटभर आधी संपतं. उभं राहून, पूर्ण आवाजात म्हण आणि रेकॉर्ड कर. ऐकताना एकच गोष्ट शोध: जीभ कुठे अडखळते. तिथला शब्द बदल. 'विद्यार्थ्यांच्या वतीनं' अडत असेल तर 'आम्हा मुलांकडून' म्हण. बोलताना श्वास पुरत नसेल तर वाक्य लांब आहे, दोन कर.

चाळीत किंवा लहान घरात मोठ्यानं बोलायला लाज वाटते, हे मला माहीत आहे. गच्ची, शाळेचा रिकामा वर्ग, कुठेही कर, पण एकदा तरी पूर्ण आवाजात.

7. माईक

रंगीत तालमीच्या दिवशी माईकवाल्या काकांशी ओळख करून घे. स्टँड तुझ्या उंचीला खाली कसा करायचा, ते त्यांच्याकडून शिक. तुझ्या आधी उंच सर बोलून गेलेले असणार. पोडियममागे तू दिसतच नसशील तर पोडियम सोड, स्टँडवरचा माईक माग. माईक तोंडापासून चार बोटं ते वीतभर लांब, हनुवटीच्या किंचित खाली. त्यावर फुंकर मारू नकोस, टिचक्या मारू नकोस, "हॅलो, चेक" म्हणू नकोस. माईकची जाळी हातानं झाकली किंवा हातातला माईक घेऊन स्पीकरच्या पुढे गेलं की कर्कश शिट्टी येते. आलीच तर स्पीकरपासून मागे सरक आणि शिट्टी थांबेपर्यंत थांब.

आता सगळ्यात नेहमीचा सापळा. पाहुणे मंचावर तुझ्या बाजूला किंवा जरा मागे बसलेले असतात. "सर, आपण याच शाळेत…" म्हणताना मान साहजिकच त्यांच्याकडे वळते, तोंड माईकपासून दूर जातं आणि भाषणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य फक्त पाहुण्यांना ऐकू येतं. उपाय सोपा आहे. पाहुणे तुझ्या उजवीकडे असतील तर माईकच्या थोडं डावीकडे उभं राहा, म्हणजे माईक तुझ्या आणि त्यांच्या मध्ये येतो. मग वळून बोललं तरी तोंड माईकसमोरच राहतं. तालमीच्या वेळी खुर्च्या कुठे असतील ते विचार आणि तसंच उभं राहून एकदा म्हण.

प्रकाशझोत डोळ्यांवर आला की समोर फक्त काळोख दिसतो. घाबरू नकोस, लोक तिथेच असतात. मधल्या रांगांच्या दिशेनं बघत राहायचं. मैदानावर कार्यक्रम असेल आणि खरोखरच लोकल गेली तर मात्र बोलत राहू नकोस, थांब. आपल्या उदाहरणातल्या भाषणात तर अशी गाडी आली म्हणजे लॉटरीच.

8. पाहुण्यांना उशीर झाला किंवा पाहुणेच बदलले तर

मुंबईत हे होणार असं धरूनच चाल. नाट्यगृह सत्रानं भाड्यानं घेतलेलं असतं आणि पुढच्या सत्रातल्या लोकांचं सामान दारात उभं असतं. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000च्या नियमांनुसार दहा ते सकाळी सहा बंदी आहे. पाहुणे हायवेवर अडकले की कात्री भाषणांवर चालते, नाचांवर नाही, कारण नाचातल्या मुलांचे पालक समोर बसलेले असतात.

म्हणून अर्ध्या मिनिटाची आवृत्ती वेगळ्या कार्डावर तयार ठेव. आपल्या उदाहरणात ती अशी होईल: संबोधन, मग "सर, आपण याच शाळेत शिकलात आणि मोटरमन म्हणून रोज याच शाळेवरून गेलात, पण नजर सिग्नलवर असायची. आज शाळा निवांत बघा. आम्हा सर्वांच्या वतीनं आपलं स्वागत." बाईंनी विंगेतून घड्याळ दाखवलं तर हेच कार्ड वर घ्यायचं. मूळ भाषण भरभर म्हणून वेळ वाचवू नकोस, कोणालाच काही कळत नाही.

पाहुणे यायच्या आधीच कार्यक्रम सुरू झाला तर स्वागत पुढे ढकललं जातं आणि दोन नाचांच्या मध्ये कधीही तुझं नाव पुकारलं जातं. तोवर नाचाचा पोशाख घालून बसू नकोस. तू नाचातही असशील तर बाईंना आधीच सांगून ठेव.

शेवटच्या क्षणी दुसरेच पाहुणे आले, तर जुन्या भाषणात नाव बदलून वाचायचं नाही. परिचय देणाऱ्या सरांकडून नाव, पद आणि त्या माणसाबद्दलची एक खात्रीची गोष्ट घे, कोऱ्या कार्डावर तीन वाक्यं लिही. एक कोरं कार्ड आणि पेन खिशात असूच दे.

9. बोलून झाल्यावर

शेवटचं वाक्य झालं की पाहुण्यांकडे बघून नमस्कार कर आणि ज्या बाजूनं आलीस किंवा आलास त्याच बाजूनं परत जा. पाहुण्यांच्या समोरून आडवं जाऊ नकोस. फोटोग्राफर तिथेच उभा असतो आणि सत्काराची मंडळी ट्रे घेऊन निघालेली असते. कार्डं पोडियमवर विसरू नकोस. तुझ्यानंतर येणाऱ्या सरांचे कागद त्यात मिसळतात आणि मग परिचयाच्या मध्येच त्यांच्या हातात तुझं दुसरं कार्ड येतं.